पैसे कट झाले, व्हॅलिडिटी नाही: प्रीपेड रिचार्जच्या वादाचा आढावा

प्रीपेड रिचार्जबद्दल दोन तक्रारी नेहमी कानावर येतात. पहिली: पैसे खात्यातून कट झाले, पण नंबरवर व्हॅलिडिटी आलीच नाही. दुसरी: रिचार्ज झाला, पण एक आकडा चुकल्यामुळे तो भलत्याच माणसाच्या नंबरवर गेला. ग्राहकाच्या दृष्टीने दोन्हींत नुकसान सारखेच. नियमांच्या दृष्टीने मात्र या तक्रारी फार वेगळ्या आहेत. पहिलीसाठी नियम बरेच आहेत, पण ते दोन नियामकांमध्ये वाटले गेले आहेत आणि त्यांच्या मधल्या जागेत तक्रार अडकते. दुसरीसाठी स्पष्ट नियम जवळजवळ नाहीच. या लेखात दोन्ही बाजूंची मांडणी आणि आजची स्थिती क्रमाने पाहू.

स्क्रॅच कार्डापासून ॲपपर्यंत

प्रीपेड सेवेच्या सुरुवातीच्या काळात रिचार्ज म्हणजे स्क्रॅच कार्ड होते. दुकानदाराला पैसे द्यायचे, कार्ड घ्यायचे, नाण्याने पट्टी खरवडायची आणि आतला लांबलचक क्रमांक स्वतःच्या फोनवरून दाबायचा. ज्या फोनवरून क्रमांक दाबला, त्याच फोनवर पैसे जमा व्हायचे. त्यामुळे चुकीच्या नंबरवर रिचार्ज जाण्याचा प्रश्नच फारसा नव्हता. क्रमांक चालला नाही तर पुरावा म्हणून कार्ड हातात असायचे.

पुढे दुकानदाराच्या सिमवरून थेट रिचार्ज होऊ लागला. कार्ड छापणे, वाटणे, साठवणे हे सगळे वाचले, पण नंबर टाकणारा आता दुसराच माणूस होता. अनेक दुकानदारांनी यावर आपला उपाय काढला. ते वही पुढे करत आणि गिऱ्हाइकाला स्वतःच्या हाताने नंबर व रक्कम लिहायला सांगत. चूक झाली तर ती कोणी केली, याचा निवाडा त्या वहीवर व्हायचा. ॲप आल्यावर नंबर टाकणारा पुन्हा ग्राहकच झाला, पण तो बहुधा स्वतःसाठी नव्हे तर गावाकडच्या आईसाठी, भावासाठी किंवा घरी कामाला येणाऱ्या मावशींसाठी नंबर टाकत असतो. पैसे भरणारा एक आणि नंबरचा धनी दुसरा, हा पेच पुढे तक्रारीच्या वेळी फार आडवा येतो.

आणखी दोन बदलांनी हा प्रश्न जड केला. 2011 च्या जानेवारीत नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर सुरू झाली. त्यानंतर नंबरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी ओळखण्याची खात्री राहिली नाही. ॲपने जुनी कंपनी दाखवली आणि ग्राहकाने पुढे रेटले, तर रिचार्ज फसतो किंवा लटकतो. दुसरा बदल 2018 च्या अखेरचा. कंपन्यांनी नंबर चालू ठेवण्यासाठीच ठरावीक रकमेचा रिचार्ज लागेल अशी रचना आणली. त्याआधी रिचार्ज अडकला की टॉकटाइमचे दहा-वीस रुपये अडकत. आता व्हॅलिडिटी संपली की आधी आउटगोइंग आणि काही दिवसांनी इनकमिंगही बंद होते. बँकेचा ओटीपी, गॅसचे बुकिंग, मुलाच्या शाळेचा निरोप असे सगळे त्या नंबरवर येत असते. अडकलेली रक्कम तीनशे रुपयांच्या आसपासची असली तरी अडकलेली गोष्ट तेवढ्याच किमतीची उरलेली नाही.

पैसे नेमके कुठे अडकतात

ॲपमधल्या एका रिचार्जमागे दोन स्वतंत्र व्यवहार असतात. पहिल्यात ग्राहकाच्या बँकेतून पैसे निघतात आणि ॲपच्या किंवा त्याच्या पेमेंट कंपनीच्या खात्यात जातात. दुसऱ्यात ॲप, थेट किंवा मधल्या एखाद्या रिचार्ज पुरवठादारामार्फत, मोबाईल कंपनीला निरोप धाडते की या नंबरला अमुक प्लॅन लावा. कंपनीची यंत्रणा प्लॅन लावते आणि होकार परत पाठवते. पहिला व्यवहार बँकांच्या जगातला आहे, दुसरा दूरसंचाराच्या.

अडचण होते ती या साखळीतला एखादा होकार वेळेत परत आला नाही तर. बँकेने पैसे वजा केले, पण ॲपला पोच मिळाली नाही, असे होऊ शकते. ॲपने कंपनीला निरोप दिला, कंपनीने प्लॅन लावलाही, पण तिचे उत्तर वाटेत अडकले, असेही होते. दोन्ही वेळा ग्राहकाला पडद्यावर एकच शब्द दिसतो: पेंडिंग. यातला दुसरा प्रकार फसवा आहे. ग्राहक घाईने पुन्हा रिचार्ज मारतो आणि थोड्या वेळाने दोन्ही लागतात. मग दुसरा रिचार्ज परत घ्या, ही नवी तक्रार उभी राहते आणि ती पहिलीपेक्षा कठीण असते, कारण आता कंपनीच्या नोंदीत दोन्ही व्यवहार यशस्वी असतात.

न लागलेला रिचार्ज आणि वेगळाच लागलेला रिचार्ज यांतही फरक करायला हवा. ग्राहकाने नुसता डेटा पॅक मारला असेल तर डेटा जमा होतो, पण मूळ प्लॅन संपलेला असल्याने सेवा सुरू होत नाही. दहा रुपयांचा टॉप-अप मारला की करापोटी 1 रुपया 53 पैसे आणि प्रक्रिया शुल्कापोटी एक रुपया वजा होऊन 7 रुपये 47 पैसे टॉकटाइम मिळतो, पण त्याने मूळ प्लॅनची व्हॅलिडिटी वाढत नाही. आधीचा प्लॅन चालू असताना नवा मारला तर अनेक कंपन्या तो रांगेत ठेवतात आणि पहिला संपल्यावर सुरू करतात. या तिन्ही ठिकाणी पैसे कुठेही अडकलेले नसतात. म्हणून पहिली तपासणी कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये किंवा तिच्या एसएमएसमध्ये करावी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, 2012 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार व्हाउचर लागल्यावर कंपनीने ग्राहकाला तपशिलाचा एसएमएस पाठवायचा असतो. तो आला नसेल आणि कंपनीच्या ॲपमध्ये रांगेतही काही दिसत नसेल, तरच रिचार्ज खरोखर अडकला आहे असे धरून पुढे जावे.

बँकेच्या बाजूचा नियम आणि त्याची हद्द

पैशाच्या बाजूने आधार आहे तो रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाचा. फसलेल्या डिजिटल व्यवहारांचे पैसे किती दिवसांत परत यायला हवेत आणि उशीर झाला तर भरपाई किती, हे त्यात ठरवले आहे. यूपीआयने व्यापाऱ्याला पैसे दिले, खात्यातून ते गेले, पण व्यापाऱ्याकडे पोच पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यावेत. त्यापुढे दर दिवसाला शंभर रुपये भरपाई. ऑनलाइन कार्ड व्यवहारालाही हीच मुदत आहे. ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता ही भरपाई द्यायची आहे, असेही परिपत्रक सांगते.

एक उदाहरण घेऊ. समजा, साताऱ्यात राहणाऱ्या एका बाईंनी 3 तारखेला रात्री 299 रुपयांचा रिचार्ज यूपीआयने मारला. बँकेचा पैसे वजा झाल्याचा एसएमएस आला, ॲप पेंडिंग दाखवते, कंपनीचा एसएमएस नाही. त्यांनी पहिल्यांदा करायचे ते हे की यूपीआयच्या तपशिलातला बारा आकडी व्यवहार क्रमांक आणि ॲपचा स्वतःचा ऑर्डर क्रमांक, दोन्ही टिपून ठेवायचे. बँक आपला व्यवहार पहिल्यावरून शोधते आणि ॲप आपला रिचार्ज दुसऱ्यावरून. पोच न पोहोचल्याने व्यवहार फसला असेल, तर 8 तारखेपर्यंत पैसे परत यायला हवेत. ते 11 तारखेला आले, तर 9, 10 आणि 11 अशा तीन दिवसांचे तीनशे रुपये भरपाई होते, म्हणजे रिचार्जच्या रकमेइतकीच.

पण याच बाईंना बँकेने सांगितले की आमच्याकडे व्यवहार यशस्वी आहे, पैसे व्यापाऱ्याला मिळाले, तर चित्र पालटते. आता परिपत्रकाच्या अर्थाने व्यवहार फसलेलाच नाही. पैसे पोहोचले, फक्त त्यांच्या बदल्यात सेवा मिळाली नाही. शंभर रुपये रोजाचा नियम इथे लागू होत नाही, असे बँका म्हणतात आणि परिपत्रकाची भाषा पाहता ते चूक म्हणता येत नाही. ॲप म्हणते की आम्ही कंपनीला निरोप दिला आहे. कंपनी म्हणते की आमच्याकडे असा रिचार्ज आलेलाच नाही, ज्यांना पैसे दिले त्यांना विचारा. ग्राहक या तिघांमध्ये फिरत राहतो. माझ्या मते या संपूर्ण विषयातली सर्वांत मोठी फट हीच आहे. पैशाचा प्रवास रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत, व्हॅलिडिटी ट्रायच्या अखत्यारीत, आणि दोन्ही मिळून झालेल्या एका रिचार्जची मुदत ठरवणारा एकच नियम नाही.

ही फट काही अंशी बुजवण्याचा प्रयत्न भारत बिल पेमेंट व्यवस्थेतून झाला. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये प्रीपेड रिचार्जलाही या व्यवस्थेत यायला परवानगी दिली. तिथे प्रत्येक व्यवहाराला व्यवस्थेचा एक क्रमांक असतो आणि पैसे भरले त्याच ॲपमधून त्यावर तक्रार नोंदवता येते. पण कंपन्यांसाठी हा सहभाग ऐच्छिक ठेवला होता. शिवाय कंपनीचे स्वतःचे ॲप, दुकानदाराचे सिम किंवा पेमेंट ॲपचा कंपनीशी असलेला थेट करार, या वाटाही चालूच राहिल्या. आपला रिचार्ज कोणत्या वाटेने गेला, हे सामान्य ग्राहकाला बहुधा कळतही नाही.

कंपनीकडची तक्रार

दूरसंचाराच्या बाजूने 2012 चे तक्रार निवारण नियम आहेत. कंपनीच्या तक्रार केंद्राचा क्रमांक 198. तक्रार नोंदवली की डॉकेट क्रमांक मिळायला हवा आणि तो एसएमएसने यायला हवा. डॉकेट क्रमांक न घेता केलेले बोलणे पुढे कामाला येत नाही, कारण वरच्या पायरीवर पहिला प्रश्न त्याचाच असतो. समाधान झाले नाही तर तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते आणि अपिलाचा निकाल 39 दिवसांत लागायला हवा. आणखी एक कमी माहीत असलेली सोय आहे. प्रीपेड ग्राहकालाही मागच्या सहा महिन्यांपर्यंतच्या वापराचा तपशील मागता येतो आणि त्यासाठी कंपनी 50 रुपयांहून जास्त शुल्क घेऊ शकत नाही. पैसे कधी जमा झाले आणि कशासाठी कापले गेले, याचा वाद असेल तेव्हा हा कागद उपयोगी पडतो.

या यंत्रणेवर ग्राहक संघटनांचा आक्षेप असा की अपील प्राधिकरणही कंपनीचेच आहे. कंपन्यांचे म्हणणे असे की बहुतांश तक्रारी पहिल्याच पायरीवर सुटतात आणि इतक्या लहान रकमांसाठी बाहेरची यंत्रणा उभारली तर तिचा खर्च शेवटी ग्राहकाच्याच माथी येईल. दोन्हींत तथ्य आहे. पण कंपनीच्या बाहेरची पायरी फार उंच आहे, हे मान्य करावे लागते. ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. दूरसंचार तंटा न्यायाधिकरण ग्राहकांच्या गटाचा वाद ऐकू शकते, पण एकट्याच्या 299 रुपयांसाठी तिथली वाट नाही. दूरसंचार विभागाकडे सार्वजनिक तक्रार पोर्टलवर, म्हणजे pgportal.gov.in वर, अर्ज करता येतो. त्याने कंपनी हलते, पण बांधील निर्णय मिळत नाही. बँकेची किंवा पेमेंट ॲपची कसूर असेल तर मात्र रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेचा आधार आहे. आधी त्यांच्याकडे लेखी तक्रार करायची आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर cms.rbi.org.in वर नोंद करायची. ती विनाशुल्क आहे.

चुकीचा नंबर: दोष कोणाचा

दुसरी तक्रार अधिक अवघड आहे, कारण इथे सगळ्या यंत्रणांनी आपले काम चोख केलेले असते. ग्राहकाने जो नंबर दिला त्यावर रिचार्ज लागला. झालेला रिचार्ज परत घेता येत नाही, अशी अट कंपन्यांच्या आणि ॲपच्या नियमावलीत सर्रास असते. रिझर्व्ह बँकेचे 2019 चे परिपत्रकही, ग्राहकाचा दोष नसताना फसलेल्या व्यवहारांपुरतेच आहे.

कंपन्यांची बाजू नीट ऐकण्यासारखी आहे. ज्याच्या नंबरवर रिचार्ज गेला तोही त्यांचा ग्राहक आहे आणि त्याने काही गैर केलेले नाही. त्याने तो वापरायला सुरुवात केली असेल तर काय काढून घ्यायचे? चूक खरी की नंतर विचार बदलला, हे ठरवायचे कसे? शिवाय मागे घेण्याची सोय दिली की तिचा गैरवापर होणार. एखाद्याकडून रोख पैसे घेऊन त्याचा रिचार्ज करायचा आणि नंतर चुकून झाला म्हणत तो रद्द करून घ्यायचा, हे कुणालाही सुचेल. आणि समोरच्याचे नाव-पत्ता तक्रारदाराला देणे म्हणजे त्या व्यक्तीच्या खासगीपणाचा भंग.

ग्राहकांच्या बाजूचा युक्तिवाद यंत्रणेच्या रचनेकडे बोट दाखवतो आणि मला तो जास्त मूलभूत वाटतो. आधारचा बारावा आकडा तपासणीचा असतो. आधीच्या अकरांपैकी एखादा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तर हिशेब जुळत नाही आणि यंत्रणा तो क्रमांक नाकारते. डेबिट-क्रेडिट कार्डाच्या शेवटच्या आकड्याचेही जवळपास तसेच. मोबाईल नंबरात असा आकडाच नाही. एक आकडा चुकला की तयार होणारा नंबरही बहुधा कुणाचा तरी चालू नंबर असतो. पैसे पाठवताना यूपीआय समोरच्याचे नाव दाखवते, विजेचे बिल भरताना ग्राहकाचे नाव पडद्यावर येते. प्रीपेड रिचार्जमध्ये फक्त कंपनी आणि सर्कल दिसते. म्हणजे जिथे आकडा चुकण्याची शक्यता सर्वाधिक, तिथेच खात्री करायची सोय सर्वांत कमी. अर्ध्या झाकलेल्या नावाची दोन अक्षरे दाखवली तरी बऱ्याच चुका तिथेच थांबतील, असे या बाजूचे म्हणणे आहे. त्यावर उत्तर असे येते की मग कोणीही नंबर टाकून नावे शोधत बसेल. या आक्षेपात दम आहे, पण नाव दाखवण्याची पद्धत पैशांच्या व्यवहारात स्वीकारली गेलेली असताना रिचार्जलाच ती का नको, याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही.

तोवर हाताशी असलेली एकमेव खूण म्हणजे सर्कल. मुंबई वेगळे, उरलेला महाराष्ट्र व गोवा वेगळे. कोल्हापूरच्या मामांचा नंबर टाकला आणि पडद्यावर तामिळनाडू आले, तर थांबून आकडे पुन्हा वाचावेत. ही खूण पुरेशी नाही, कारण चुकलेला नंबरही त्याच सर्कलचा असू शकतो आणि नंबर पोर्ट झालेला असेल तर ॲपचा अंदाजच चुकतो.

चूक झाल्यावर हातात असतो तो वेळ. रिचार्ज वापरला जाण्याआधी, काही मिनिटांत, कंपनीला आणि ॲपला लेखी कळवले, तर काही वेळा तो मागे घेतला जातो. हा हक्क नव्हे, त्या कंपनीची मर्जी. तक्रारीत आपण नेहमी ज्या नंबरवर रिचार्ज करतो तो आणि चुकून गेला तो, असे दोन्ही नंबर एकाखाली एक लिहावेत. एकाच आकड्याचा फरक असेल तर ती चूक असल्याचे तेवढ्यावरूनच पटते. ज्याच्याकडे रिचार्ज गेला त्याला फोन करून नम्रपणे पैसे मागता येतात आणि पुष्कळ लोक देतातही. कायद्यातही याला आधार आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 72 नुसार चुकून मिळालेले पैसे किंवा वस्तू परत करणे बंधनकारक आहे. रिचार्ज म्हणजे पैसे, वस्तू की सेवा, हा प्रश्न मात्र उरतो, आणि तो सोडवायला तीनशे रुपयांसाठी दिवाणी न्यायालयात कोणी जाणार नाही.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. वैतागलेला माणूस इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो आणि तिथे भामट्यांनी पेरलेले नंबर असतात. रिफंडसाठी पिन टाका, हे ॲप उतरवून घ्या, असे कोणी सांगितले तर ती फसवणूक समजावी. पैसे परत मिळायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. तसे घडलेच तर 1930 वर लगेच कळवावे.

ग्राहक आयोगाचा दरवाजा आणि उघडे प्रश्न

सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या एका निकालामुळे टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक मंचात चालत नाहीत, असा समज पुढे बरीच वर्षे होता. जुन्या तार कायद्यात लवादाची तरतूद होती, तिचा हवाला देऊन कंपन्या मंचाच्या अधिकारावर हरकत घेत. 16 फेब्रुवारी 2022 रोजी व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजय कुमार अगरवाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती हरकत फेटाळली. दूरसंचार सेवेबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येते, हे त्यामुळे पक्के झाले. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या सेवेच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. रक्कम लहान असली तर बहुतेकांचे काम तिथपर्यंतच जाते.

दरवाजा उघडा असला तरी आत गेल्यावर पैसे भरणारा आणि नंबरचा धनी वेगळे असल्याचा पेच समोर येतो. पुण्यातल्या मुलीने गडचिरोलीतल्या वडिलांच्या नंबरवर रिचार्ज मारला आणि तो लागला नाही, तर बँकेपुढे तक्रारदार मुलगी, कंपनीपुढे वडील. कंपनी सिमच्या नोंदलेल्या मालकाशीच बोलते आणि ओटीपी त्या बंद पडू घातलेल्या नंबरवरच पाठवते. दुसऱ्यासाठी सेवा घेणारा आणि तिचा लाभ घेणारा, दोघांनाही ग्राहक संरक्षण कायदा ग्राहक मानतो. कंपन्यांच्या तक्रार केंद्रांच्या कामकाजात मात्र पैसे भरणाऱ्याला तसे स्थान नाही.

दुसरा उघडा प्रश्न गेलेल्या दिवसांचा. पैसे पाचव्या दिवशी परत आले तर रिझर्व्ह बँकेच्या हिशेबात सगळे वेळेत झाले. त्या पाच दिवसांत नंबर बंद राहिला, किंवा तो चालू ठेवायला आणखी 299 रुपये कुठून तरी उभे करावे लागले, याची नोंद कोणत्याच नियमात नाही. पैसे वजा झाल्याचे बँकेने कळवले की कंपनीने निकाल लागेपर्यंत निदान इनकमिंग चालू ठेवावे, अशी सूचना करता येईल. त्यासाठी दोन नियामकांच्या अखत्यारीतल्या यंत्रणांनी एकमेकींना वेळेत माहिती द्यावी लागेल. 2023 च्या दूरसंचार कायद्यात ऑनलाइन तक्रार नोंदणी आणि ऑनलाइन तंटा निवारण या दोन्हींची तरतूद आहे. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागण्याचा हक्कही त्याने अबाधित ठेवला आहे. त्या ऑनलाइन निवारणात बँक आणि पेमेंट ॲप यांनाही समोर बसवता येईल की फक्त मोबाईल कंपनीलाच, यावर पहिल्या प्रकारच्या तक्रारींचे पुढचे बरेच काही अवलंबून आहे. चुकीच्या नंबरच्या तक्रारीला मात्र त्यानेही उत्तर मिळणार नाही. त्यासाठी ट्रायला ठरवावे लागेल की न वापरलेला रिचार्ज किती वेळात, कोणत्या पुराव्यावर आणि कोणाच्या संमतीने मागे घेता येईल.